गेम थिअरी ४० मिनिटांत: मॅट्रिक्स, डॉमिनंट स्ट्रॅटेजी आणि इक्विलिब्रियम एकाच उदाहरणात बसेल का?

अनघा_मिरज
नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात दर महिन्याला अकरावी-बारावीच्या मुलांसाठी एक तास असतो, त्यात यावेळी मी गेम थिअरी घेतेय. तासातली वीस मिनिटं हजेरी, चहा आणि प्रोजेक्टर चालू करण्यात जातात हा अनुभव आहे, म्हणजे हातात ४० मिनिटं. तीनच गोष्टी सांगायच्यात: पेऑफ मॅट्रिक्स कसं वाचायचं, डॉमिनंट स्ट्रॅटेजी कशी ओळखायची आणि इक्विलिब्रियम कुठे सापडतं.

माझी अडचण अशी की सगळीकडे तेच दोन कैद्यांचं उदाहरण. ते घेतलं की मुलं "पण मित्राला अडकवायचं का" यावर भांडत बसतात आणि आकड्यांकडे कोणी बघत नाही. दुसरं म्हणजे त्यात दोघांकडेही डॉमिनंट स्ट्रॅटेजी असते, त्यामुळे इक्विलिब्रियम आयतं मिळतं आणि मुलांना वाटतं की नेहमी असंच असतं. मला असं उदाहरण हवंय की एकाकडे डॉमिनंट आहे, दुसऱ्याकडे नाही, तरी उत्तर निघतं. आणि खरं घडलेलं असेल तर फारच बरं. कोणाला काही सुचतंय का?

गप्पिष्ट_बंड्या
शीर्षक वाचून मला वाटलं पबजीचा धागा आहे. ४० मिनिटांत आमच्याकडे ल्युडोचा एक डाव संपत नाही ताई, तुम्ही अख्खी थिअरी संपवताय.

सुहास_के
एवढं अवघड करायची गरजच नाही. चार चौकोन काढायचे, आकडे भरायचे, आणि दोघांचाही जास्तीत जास्त फायदा ज्या चौकोनात होतो ते इक्विलिब्रियम. नॅशला १९९४ मध्ये याच्याचसाठी नोबेल मिळालं. मुलांना आयपीएलचं काहीतरी उदाहरण द्या, लगेच कळेल.

दर्यावर्दी
अनघाताई, तुम्हाला हवं तसं एक उदाहरण तयार आहे. बिस्मार्क समुद्राची लढाई, मार्च १९४३.

थोडक्यात गोष्ट अशी. न्यू ब्रिटन बेटावर रबौल नावाचं बंदर, तिथे जपान्यांचा मोठा तळ. तिथून न्यू गिनीतल्या लाए इथे फौज पोचवायची होती, साधारण ६,९०० माणसं. ८ वाहतुकीची जहाजं आणि त्यांच्या सोबतीला ८ विनाशिका. न्यू ब्रिटन हे लांबट आडवं बेट आहे, तेव्हा रस्ते दोनच, बेटाच्या उत्तरेकडून नाहीतर दक्षिणेकडून. दोन्हीकडून तीनच दिवस लागणार. फरक हवामानाचा. उत्तरेला पाऊस आणि ढग, वरून काही दिसणं मुश्कील. दक्षिणेला आभाळ मोकळं.

समोर दोस्तांचं हवाई दल, प्रमुख जनरल जॉर्ज केनी. त्यांना काफिला सापडला की बॉम्ब टाकायचे होते, पण टेहळणीची विमानं मोजकीच. दोन्हीकडे सारखी पाठवली तर धड एकही बाजू नीट बघून होत नाही, म्हणून जोर कुठल्या तरी एका बाजूला लावायचा. उत्तरेला की दक्षिणेला? आणि रबौलमध्ये जनरल हितोशी इमामुरा यांच्यापुढेही तोच प्रश्न उलट्या बाजूने.

पुढे १९५४ मध्ये हेवूड नावाच्या अमेरिकन हवाई दलातल्या अधिकाऱ्याने यावर एक लेख लिहिला आणि हा पेच दोन बाय दोनच्या चौकटीत बसवून दाखवला. तेव्हापासून हे उदाहरण शिकवण्यात फिरतंय, पण आपल्याकडे कैदीच जास्त फेमस.

अनघा_मिरज
वा, हे मला माहीतच नव्हतं. पण चौकोनात भरायचं काय? किती जहाजं बुडाली ते?

दर्यावर्दी
नाही, ते लढाईनंतर कळतं. चौकोनात भरायचे दिवस. केनीला बॉम्ब टाकायला किती दिवस मिळतील एवढाच आकडा. केनीला तो जास्तीत जास्त हवा, जपान्यांना कमीत कमी. एकाचा फायदा तेवढंच दुसऱ्याचं नुकसान, म्हणून प्रत्येक चौकोनात एकच आकडा पुरतो, दोन लिहायची गरज नाही. नवशिक्या मुलांसाठी हा मोठा फायदा आहे, कारण दोन आकडे दिसले की कुठला कोणाचा यातच पंधरा मिनिटं जातात.

```
                    जपानी उत्तरेने     जपानी दक्षिणेने
केनीचा जोर उत्तरेला         २                 २
केनीचा जोर दक्षिणेला        १                 ३
```

आकडे कुठून आले ते मुलांना सांगा, नाहीतर ते आकाशातून पडल्यासारखे वाटतात. दोघंही दक्षिणेला: आभाळ स्वच्छ, काफिला लगेच दिसतो, पूर्ण ३ दिवस. दोघंही उत्तरेला: विमानं बरोबर जागी आहेत पण ढगांमुळे शोधण्यात एक दिवस जातो, उरले २. केनी उत्तरेला आणि जपानी दक्षिणेला: जोर चुकीच्या जागी, पण दक्षिणेला इतकं स्वच्छ की थोड्याशा विमानांनाही दुसऱ्या दिवशी सापडतील, म्हणून तिथेही २. आणि केनी दक्षिणेला, जपानी उत्तरेच्या ढगात: सगळ्यात वाईट, जेमतेम १.

आता वाचायला लावा. आधी केनीच्या खुर्चीत बसवा. जपानी उत्तरेने आले तर माझ्यासाठी उत्तर बरी, २ विरुद्ध १. जपानी दक्षिणेने आले तर दक्षिण बरी, ३ विरुद्ध २. म्हणजे समोरचा काय करतो त्यावर माझं उत्तर बदलतं. केनीकडे डॉमिनंट स्ट्रॅटेजी नाही.

मग खुर्ची बदला. जपान्यांना लहान आकडा हवा. केनी उत्तरेला असेल तर २ आणि २, काहीही करा सारखंच. केनी दक्षिणेला असेल तर १ विरुद्ध ३, उत्तर स्पष्ट बरी. म्हणजे उत्तरेने गेल्यावर कधीच जास्त तोटा नाही आणि एका बाबतीत मोठा फायदा. जपान्यांसाठी उत्तर डॉमिनंट.

आणि इथे खरी गंमत. केनीकडे स्वतःची डॉमिनंट नसली तरी तो समोरच्याची बघू शकतो. शहाणा असेल तर जपानी दक्षिणेने जाणार नाही, तर दक्षिणेचा स्तंभ खोडून टाका. उरलं काय, २ किंवा १. केनी उत्तर घेतो. उत्तर-उत्तर, २ दिवस. हे इक्विलिब्रियम.

प्रत्यक्षातही तसंच झालं. केनीने जोर उत्तरेला लावला होता, काफिला उत्तरेनेच गेला. १ मार्चला खराब हवेत एका विमानाला तो दिसला, मग हातचा निसटला, २ तारखेला पुन्हा सापडला आणि ३ तारखेला मुख्य हल्ला झाला. आठच्या आठ वाहतूक जहाजं बुडाली, ४ विनाशिका बुडाल्या, लाएला पोचले ते साधारण १,२०० जण.

सुहास_के
हे काही पटत नाही. जपान्यांची आठच्या आठ जहाजं बुडाली आणि त्याला तुम्ही इक्विलिब्रियम म्हणता? इक्विलिब्रियममध्ये दोघांचं भलं झालं पाहिजे ना. जपान्यांनी सरळसरळ चुकीचा निर्णय घेतला.

दर्यावर्दी
सुहासराव, तुमची पहिली पोस्टच तिथे अडते. इक्विलिब्रियम म्हणजे भलं होण्याची जागा असं कोणी म्हटलेलं नाही. एवढंच म्हणायचंय की तिथे पोचल्यावर एकट्याने जागा बदलून कोणाचाच फायदा होत नाही. उत्तर-उत्तर या चौकोनात बसा आणि जपान्यांना विचारा, केनी तिथेच आहे, तुम्ही दक्षिणेला सरकून काय मिळवाल? पुन्हा २ दिवसच बॉम्ब. केनीला विचारा, तू सरकलास तर? २ चा १ होईल. कोणी हलत नाही, झालं इक्विलिब्रियम.

जपान्यांची जागाच वाईट होती हो. या चारही चौकोनांत शून्य कुठेच नाही. २ दिवस बॉम्ब खाणं हे त्यांच्या हातातलं सगळ्यात कमी वाईट होतं. निर्णय चांगला घेऊनही माणूस हरू शकतो, कारण डाव मांडतानाच तो मार खाणाऱ्या बाजूला बसलेला असतो. आणि २ दिवसांत किती जहाजं बुडतील हे या मॅट्रिक्समध्ये नाहीच. बॉम्बर पाण्यालगत खाली येऊन बॉम्ब पृष्ठभागावरून उसळवत जहाजाच्या कुशीत घालत होते, दोस्तांनी ते तंत्र नव्याने बसवलं होतं. जपान्यांच्या हिशोबात एका दिवसाच्या हल्ल्याची किंमत कमी धरलेली असणार.

सुहास_के
म्हणजे हिशोब चुकलाच की. मी तेच म्हणतोय.

मृणाल_चाळकरी
मी इंजिनिअरिंगला हे शिकले होते आणि विसरले होते, आता जरा जागं होतंय. एक शंका. वरच्या ओळीत जपान्यांसाठी २ आणि २ सारखेच आहेत. मग उत्तर ही डॉमिनंट कशी? डॉमिनंट म्हणजे प्रत्येक वेळी कडक जास्त फायदा नको का?

दर्यावर्दी
बरोबर पकडलंत. डॉमिनंटमध्ये दोन प्रती असतात, एक कडक आणि एक ढिली. प्रत्येक ओळीत काटेकोर फायदा असेल तर कडक. कधी बरोबरी, कधी फायदा, पण तोटा कधीच नाही, अशी असेल तर ढिली. इथे ढिली आहे.

तास घेताना हा फरक एका वाक्यात सांगून पुढे जावं असं माझं मत, पण तो फुकाचा नाही. ढिल्या डॉमिनन्सवर स्तंभ खोडला की कधीकधी एखादं दुसरं इक्विलिब्रियमही त्याच्यासोबत खोडलं जातं, आणि कुठल्या क्रमाने खोडता त्यावर उत्तर बदलू शकतं. कडक डॉमिनन्समध्ये ही भीती नाही, कुठल्याही क्रमाने खोडा, शेवट तोच.

इथलंच बघा. समजा जपान्यांनी ठरवलं की नाणं उडवून जाऊ, छापा आला तर उत्तर, काटा आला तर दक्षिण. केनी उत्तरेला असेल तर त्यांना दोन्हीकडे २ च. आता केनीला दक्षिणेला सरकायचा मोह होतो का? दक्षिणेला त्याला निम्म्या वेळा १, निम्म्या वेळा ३, सरासरी २. उत्तरेला बसूनही २. म्हणजे मोह नाही. तर नाणं उडवणारे जपानी आणि उत्तरेला बसलेला केनी हेही इक्विलिब्रियमच! उत्तरेची शक्यता निम्मी किंवा जास्त ठेवली की चालतं. निम्म्याच्या खाली गेली की केनी दक्षिणेला पळतो आणि मोडतं. पण निकाल प्रत्येक वेळी तोच, २ दिवस.

गप्पिष्ट_बंड्या
एवढी मोठी फौज घेऊन निघालेला जनरल बंदरावर नाणं उडवतोय हे चित्र डोळ्यासमोर आलं आणि ऑफिसात हसलो. बॉस बघतोय.

बापू_इस्लामपूर
लढाईचं आम्हाला काय कळत नाही पण आमच्याकडे याचंच एक चाललंय. माझं मेडिकल आहे, समोरच दुसरं मेडिकल. दोघं रविवारी बंद ठेवायचो, लोकं शनिवारी औषध घेऊन जायची, धंदा दोघांचा तेवढाच आणि रविवार मोकळा. मग त्यानं एका रविवारी उघडलं. माझी गिऱ्हाइकं तिकडं गेली म्हणून मी पण उघडायला लागलो. आता दोघं सातही दिवस बसतो, धंदा काय वाढला नाही, वर लाईट बिल आणि पोराला रविवारचा पगार. आता मी रविवार बंद करू का चालू ठेवू ते तुमच्या मॅट्रिक्समध्ये बघून सांगा.

मृणाल_चाळकरी
बापू, तुमचं उदाहरण तर फारच छान आहे, पण ते केनीसारखं नाही, कैद्यांसारखं आहे. आकडे मी अंदाजाने घालते, तुम्ही खरे घाला. दोघं बंद तर आठवड्याला प्रत्येकी १२ हजार सुटतात धरू. दोघं चालू तर खर्च वाढून १० हजार. एकटा चालू तर त्याला १५, बंदवाल्याला ७. आता तुमच्या बाजूने: तो बंद असेल तर चालू ठेवून १५, बंद ठेवून १२. तो चालू असेल तर चालू ठेवून १०, बंद ठेवून ७. दोन्ही वेळा चालू बरं. त्याचंही तसंच. त्यामुळे दोघं चालू ठेवून १०-१० वर बसलात, १२-१२ समोर दिसत असून. मॅट्रिक्स म्हणेल चालू ठेवा.

बापू_इस्लामपूर
म्हणजे तुमची थिअरी पण मला रविवारी दुकानातच बसवणार. मग शिकून फायदा काय.

दर्यावर्दी
बापू, मृणालचा हिशोब एकाच रविवारापुरता आहे. केनी आणि इमामुरांचा डाव एकदाच झाला. तुम्ही दोघं समोरासमोर वर्षानुवर्षं बसणार. "तू या रविवारी उघडलंस तर मी पुढचे सगळे रविवार उघडणार" हे तो ओळखून असेल, तर एका रविवारच्या ३ हजारांसाठी तो पुढचे २-२ हजार घालवणार नाही. एकदाच्या मॅट्रिक्समध्ये ही धमकी लिहायला जागाच नाही. एकदा चहाला बोलवा त्याला.

बापू_इस्लामपूर
बोलणं बंद आहे. ते वेगळं कारण आहे, बांधावरनं.

गप्पिष्ट_बंड्या
बांधाचं मॅट्रिक्स काढायला दोन बाय दोन पुरणार नाही, पिढ्या मोजाव्या लागतील.

अनघा_मिरज
बापूंचं उदाहरण घरच्या अभ्यासाला देते, मुलं आपापल्या गल्लीतली दुकानं मोजून आणतील. पण तासाला केनीच. सुहास म्हणाले त्यावर मुलंही नक्की अडणार, "हरले तरी बरोबर कसे" यावर. बाकी कोणाला या उदाहरणात काही खोट दिसतेय का? आधीच कळलेलं बरं.

जुना_नकाशा
मला दिसते आणि मोठी दिसते. मी युद्धाचं बरंच वाचतो. दोस्तांनी जपानी संदेश फोडले होते. लाएकडे काफिला निघणार हे त्यांना आधीच कळलं होतं. मॅट्रिक्समध्ये तर दोघं एकाच वेळी, एकमेकांचं न कळता निवडतात असं धरलंय. मग हे उदाहरण शाळेत सांगायला गोड, पण इतिहासाला धरून नाही. शिवाय ते २, १, ३ आकडे लढाई झाल्यावर अकरा वर्षांनी मांडलेत. निकाल माहीत असताना मांडलेलं मॅट्रिक्स बरोबर उत्तर देणारच.

दर्यावर्दी
दुसरा मुद्दा पूर्ण मान्य. ते आकडे हेवूडने लिहून काढले, केनीच्या टेबलावर कुठलंही मॅट्रिक्स नव्हतं. हेवूडला दाखवायचं होतं वेगळंच. अमेरिकन लष्करी शिकवणीत असं होतं की शत्रूच्या मनात काय आहे ते ताडत बसू नका, तो काय काय करू शकतो ते बघा आणि त्यातल्या सगळ्यात वाईटासाठी तयार राहा. केनीने तसंच केलं तर? उत्तर निवडली तर सगळ्यात वाईट २, दक्षिण निवडली तर सगळ्यात वाईट १. म्हणून उत्तर. जपान्यांनी तसंच केलं तर? उत्तरेने सगळ्यात वाईट २, दक्षिणेने ३. म्हणून उत्तर. दोघं घाबरून निवडतात आणि दोघांचा घाबरट आकडा एकच येतो, २. फोन नॉयमन या गणितज्ञाने १९२८ मध्ये अशा डावांचं जे गणित मांडलं ते हेवूडला युद्धशास्त्राच्या पुस्तकात आधीपासून बसलेलं दिसलं.

पहिल्या मुद्द्याचं मात्र उलटं आहे, आणि मला वाटतं या उदाहरणातली सगळ्यात भारी गोष्ट तीच आहे. समजा केनीला काफिला कुठे जाणार हेच नव्हे तर कुठल्या रस्त्याने जाणार हेही आधी कळलं. जपानी उत्तरेने निघाले, केनीला कळलं, तो उत्तरेला गेला, २ दिवस. जपानी दक्षिणेने निघाले, केनीला कळलं, तो दक्षिणेला गेला, ३ दिवस. तेव्हा आपलं गुपित फुटलंय हे जपान्यांना माहीत असलं तरी ते काय करतील? उत्तरच. किती दिवस? २ च. हेरगिरीने आकडा हलत नाही. आता उलट करा, केनीचा बेत जपान्यांना कळला. केनी उत्तरेला, कळलं. तरी २. या मॅट्रिक्समध्ये गुपिताला किंमतच नाही. बेत वर्तमानपत्रात छापून दिला तरी निकाल तोच. अशा चौकोनाला सॅडल पॉइंट म्हणतात आणि तो आहे की नाही हे तपासायची ही माझी आवडती रीत: माझा बेत समोरच्याला सांगून टाकला तर माझं काही जातं का?

जुना_नकाशा
हं. मॅट्रिक्सपुरतं बरोबर. पण प्रत्यक्षात संदेश फुटल्यामुळे केनीकडे तयारीला वेळ मिळाला, विमानं जमवता आली, सराव करता आला. तो फायदा तुमच्या चार चौकोनांत कुठे आहे?

दर्यावर्दी
कुठेच नाही. तो आकडे बदलण्यात आहे, रस्ता निवडण्यात नाही. हे मुलांना सांगितलं तरी चालेल की मॅट्रिक्स फक्त "कुठे" विचारतं, "किती जोरात" विचारत नाही.

जुना_नकाशा
मग मी म्हणेन की खरी लढाई मॅट्रिक्सच्या बाहेर जिंकली गेली. यावर आपलं जमणार नाही, सोडा.

मृणाल_चाळकरी
दर्यावर्दी, गुपिताची किंमत शून्य हे वाचून मी एक चाळा केला. वरच्या उजव्या चौकोनातला २ खोडून १ केला. म्हणजे समजा दक्षिणेलाही थोडे ढग आहेत, केनीचा जोर उत्तरेला असेल तर दक्षिणेचा काफिला तिसऱ्या दिवशीच सापडतो.

```
                    जपानी उत्तरेने     जपानी दक्षिणेने
केनीचा जोर उत्तरेला         २                 १
केनीचा जोर दक्षिणेला        १                 ३
```

एकच आकडा बदलला आणि सगळं गेलं! जपान्यांची डॉमिनंट गेली. कुठल्याही चौकोनात बसा, कोणीतरी एक हलतोच. केनीला सोबत जायचंय, जपान्यांना चुकवायचंय. घाबरट आकडेही जुळत नाहीत, केनीचा १ आणि जपान्यांचा २.

मग नाण्याचं गणित केलं. केनीने उत्तर कितीदा निवडावी की जपानी कुठूनही गेले तरी त्याला सारखंच मिळेल? ती शक्यता प धरली तर जपानी उत्तरेने गेल्यास सरासरी १ + प, दक्षिणेने गेल्यास ३ − २प. दोन्ही सारखे म्हणजे प = २/३. तीनातून दोनदा उत्तर. आणि सरासरी ५/३ दिवस, म्हणजे एक दिवस आणि सोळा तास. जपान्यांचंही तसंच येतं, २/३ उत्तर. बरोबर ना?

दर्यावर्दी
अगदी बरोबर. आणि आता गुपिताला किंमत आली बघा. इथे जपान्यांचा रस्ता केनीला आधी कळला तर जपान्यांना उत्तरेने २, दक्षिणेने ३, ते २ वर थांबतील. न कळला तर ५/३. फरक एक तृतीयांश दिवस, म्हणजे आठ तासांचे बॉम्ब. हेरगिरीची किंमत आठ तास. नकाशाभाऊ, तुमच्या फुटलेल्या संदेशांना या मॅट्रिक्समध्ये जागा आहे.

गप्पिष्ट_बंड्या
काफिला दोन तृतीयांश उत्तरेने जाणार म्हणजे पाच जहाजं इकडून, तीन तिकडून का?

मृणाल_चाळकरी
नाही रे, अख्खा काफिला एकाच बाजूने, कुठल्या ते चिठ्ठी टाकून. तीन चिठ्ठ्या, दोनवर उत्तर.

सुहास_के
एक तृतीयांश वेळा तुम्ही मुद्दाम वाईट रस्ता घेणार. कुठला सेनापती मान्य करेल? म्हणून म्हणतो ही थिअरी कागदावरच बरी.

दर्यावर्दी
तो वाईट रस्ता घेता म्हणूनच चांगला रस्ता चांगला राहतो. नेहमी उत्तरेने गेलात तर केनी कायम उत्तरेलाच बसेल. बाकी सेनापतीला चिठ्ठी टाकायला पटवणं अवघड आहे हे खरं, तिथे माझ्याकडे उत्तर नाही.

अनघा_मिरज
अहो मंडळी, चिठ्ठ्या आणि २/३ मी ४० मिनिटांत घेणार नाही, मुलं झोपतील. पण मृणालचं एक आकडा बदलणं मला फार आवडलं. ते शक्यतेचं गणित न करता दाखवता येईल का? फक्त इतकंच दाखवायचंय की इथे इक्विलिब्रियम सापडत नाही.

मृणाल_चाळकरी
बाण काढा. फळ्यावर चार चौकोन, प्रत्येकात उभं राहून विचारायचं, कोणाला हलायचंय? हलायचं असेल त्या दिशेला बाण. केनी फक्त वर-खाली हलतो, जपानी फक्त डावी-उजवीकडे. सारखंच असेल तर बाण नाही.

पहिल्या मॅट्रिक्समध्ये वरच्या उजव्यापासून सुरू करा. तिथे केनीला २ चा ३ करायचाय, बाण खाली. खालच्या उजव्यात जपान्यांना ३ चा १ करायचाय, बाण डावीकडे. खालच्या डाव्यात केनीला १ चा २ करायचाय, बाण वर. वरच्या डाव्यात आलो, जपान्यांना उजवीकडे २ च, कोणी हलत नाही. थांबलो.

दुसऱ्या मॅट्रिक्समध्ये तेच तीन बाण, पण वरच्या डाव्यात जपान्यांना उजवीकडे १ दिसतो, चौथा बाण निघतो आणि गोल पूर्ण होतो. फिरत राहा.

दर्यावर्दी
हे माझ्या सगळ्या पोस्टींपेक्षा चांगलं आहे. ताई, हेच घ्या. डॉमिनंट पण बाणांतच दिसेल: जपान्यांचे दोन बाण बघायचे, एक डावीकडे आणि दुसरा नाहीच, उलटा एकही नाही. केनीचा एक वर, एक खाली.

सुहास_के
बाण ठीक आहेत. पण "दोघांचं भलं" हा शब्द कुठेतरी आला पाहिजे असं मला अजून वाटतं.

अनघा_मिरज
सुहास, तो बापूंच्या दुकानात येईल, तिथे १२-१२ आहे. केनीकडे दोघांचं भलं शोधायला जागाच नाही, एकाचं वाढलं की दुसऱ्याचं तेवढंच घटतं.

ठरलं मग. दहा मिनिटं नकाशा आणि गोष्ट, निकाल न सांगता. मग आकडे मुलांनीच भरायचे, "ढगात शोधायला एक दिवस गेला तर किती उरले" असं विचारत. मग अर्ध्या वर्गाला केनी, अर्ध्याला इमामुरा करून लपवून चिठ्ठीवर निवड लिहून घेईन, मग बाण, मग काय झालं ते. शेवटी एक आकडा बदलून तशीच सोडून देणार. एकच शंका, मुलांना जमिनीवर खडूने चौकोन आखून बाणांप्रमाणे चालायला लावलं तर चालेल ना? सतरंजी काढावी लागेल.

गप्पिष्ट_बंड्या
चालेल, पण दुसऱ्या मॅट्रिक्सला कोणीतरी थांबवायला ठेवा.

बापू_इस्लामपूर
ताई तास झाला की फोटो टाका. आणि तो समोरचा मेडिकलवाला मिरजेचाच आहे, त्याचा पोरगा बारावीला आहे. आला तर त्याला माझ्याकडनं रविवारचं मॅट्रिक्स द्या.